कोरी एकोणीस पानं

आई, अण्णा,

दिवाळीत माळ्यावरची ती खाकी पुठ्ठ्याची वही मी न विचारता पुण्याला घेऊन आले. अण्णा, रागावू नका. तुम्ही १९९८ साली कापसाच्या हिशोबाच्या वहीत उलट्या बाजूने माझी शुगर लिहायला सुरुवात केलीत, ती वही. तेव्हा आपल्याकडे ग्लुकोमीटर कुठला? चहाच्या गाळणीशेजारी परीक्षानळी असायची. तीत बेनेडिक्टचं निळं पाणी ५ मिली, त्यात लघवीचे आठ थेंब, मग स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाला की साखर वाढत गेलेली. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळचा रंग लिहिलाय. आणि मधे एकोणीस पानं कोरी आहेत, फक्त तारखा. त्या पानांबद्दल आपण घरात कधी बोललो नाही, म्हणून लिहिते आहे.

मी नऊ वर्षांची होते. रात्री तीनतीनदा तांब्याभर पाणी प्यायचे, अंथरूण ओलं करायचे, आणि मोरीत मुंग्या लागायच्या. मोठी माय म्हणायची, "पोरले नजर लागनी." मग पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि जोरात चालू लागला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. तुम्हाला वाटलं अपेंडिक्स. अमळनेरहून जीपने धुळ्याला नेलंत. डॉक्टरांनी 'टाइप वन' मधुमेह सांगून इन्सुलिन म्हटल्यावर अण्णा, तुम्ही विचारलंत, "किती दिवसांचा कोर्स?" हे मला आईने खूप नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, कायमचं. तुम्ही म्हणे पुन्हा तेच विचारलंत.

नंतर घरात शोध सुरू झाला की हे आलं कुणाकडून. आईच्या माहेरी कुणाला नाही, आपल्याकडे कुणाला नाही. आई, तू डोहाळ्यात पेढे खाल्ले होतेस तेही तू मोजलेस. खरं तर गोडाचा यात काहीच हात नाही. शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी शत्रू समजून मारते. हे तुला कुणी पहिल्याच दिवशी नीट सांगितलं असतं, तर तू सहा महिने गोडाला तोंड न लावता राहिली नसतीस.

आता ती पानं. दवाखान्यातून आलो तेव्हा माझा डोस दिवसाला अठरा युनिट होता. महिन्याभरात वहीत हिरवा, मग निळा, निळा, निळा. डोस चौदा, दहा, शेवटी सहा. त्याच दिवसांत एका वैद्याची पुडी सुरू केली होती. श्रेय पुडीला गेलं, आणि जाणारच होतं, कारण तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत असं बऱ्याच मुलांचं होतं. बाहेरून इन्सुलिन मिळालं की उरलेल्या थोड्या पेशींवरचा ताण कमी होतो आणि त्या काही काळ पुन्हा काम करू लागतात. डॉक्टर त्याला 'हनिमून' म्हणतात. (नाव ज्याने ठेवलं त्याला मूल नसावं.) काही महिने, कधी वर्षभर चालतं आणि मग त्या पेशीही संपतात. या काळात डोस कमी करायचा असतो, तोही डॉक्टरला विचारून. सुई बंद करायची नसते.

तुम्ही बंद केलीत. नळी फोडून टाकलीत, असं मोठी माय सांगायची. आईने कानबाईला रोटांचा नवस बोलला होता, तो फेडायची तयारी सुरू झाली. एकोणिसाव्या दिवशी मला ताप आला आणि रात्रीपर्यंत तोच श्वास, तोच वास. विसाव्या पानावर तुमचं अक्षर वाकडं आहे: 'विटकरी. धुळे.'

मला राग येतो असं तुम्हाला वाटत असेल. मी त्या पानांवर पाहते ते असं: पोर बरी झाली हे डोळ्यांनी दिसत होतं, आणि दिसत असताना 'नाही' म्हणायला तुम्हाला कुणीच सोबत नव्हतं.

सोबत मिळाली ती दुसऱ्या खेपेला, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर. पारोळ्याची मावशी बारा वर्षांच्या पोराला तिथेच, लोकांसमोर, पोटाची चिमूट धरून सुई देत होती. आई, तोवर तू मला एकदाही टोचलं नव्हतंस, कंपाउंडर यायचा. मावशीने तुला आधी लिंबावर पाणी टोचायला लावलं. लाल टोपणाचीच सिरिंज घ्यायची हे तिने सांगितलं, कारण आपली बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिटची होती. शंभरच्या, नारिंगी टोपणाच्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत ओढलं तर चारच युनिट जातात. आधी पाण्यासारखं इन्सुलिन ओढायचं, मग दुधाळ, हेही तिचंच. मग म्हणाली, "आते तू टोच. मी धरस पोरले."

फ्रीज नव्हता, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात बाटली प्लॅस्टिकच्या डबीत. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ते फ्रीजइतकं थंड राहायचं नाही, पण बाटली तग धरायची. हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या घरी फ्रीज होता.

पुढे तुम्ही दोन्ही घरांनी महिन्याची तारीख एकच घेतलीत, मग शिरपूरचे एक घर आले. बायका पहिल्या दिवसापासून रडल्या, बोलल्या. अण्णा, तुम्ही आणि पारोळ्याचे काका तीन महिने फक्त कापसाच्या भावावर बोललात. चौथ्या महिन्यात चहाच्या टपरीमागे तुम्ही रडत होता आणि काका तुमची पिशवी धरून उभे होते. मी पाहिलं होतं. त्या रात्रीपासून वहीत तुम्ही रंगापुढे डोसही लिहायला लागलात.

मावशीचंही सगळं बरोबर नव्हतं. तिच्या सांगण्यावरून आईने एकदा रात्रीचे दोन युनिट वाढवले. पहाटे मी घामाने भिजलेली, बडबडत होते. नळी निळीच होती, कारण साखर उतरलेली ती नळीला कळतच नाही. तीन चमचे साखर पाण्यातून पाजलीत, पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढीच. डोस ज्याचा त्याचा, हे तिघी त्या दिवशी शिकल्या.

ते दुःख परत परत आलंच. दहावीला आलं, आणि माझ्या लग्नाच्या बोलणीत सगळ्यात जास्त. मामा म्हणाले होते, सांगू नका. अण्णा, तुम्ही चहा यायच्या आधीच सांगून टाकलंत. ते स्थळ गेलं. तुम्ही तेव्हा घरी येऊन भरीत-भाकरी पोटभर खाल्लीत, मला आठवतं.

आई, फोनवर तू म्हणालीस की गल्लीतल्या त्या सात वर्षांच्या पोराचं निदान झालंय, त्याची आई दार लावून बसते आणि आता पोराचा डोस उतरतोय म्हणून घरात पेढे वाटायची भाषा चाललीय. तू उद्याच जा. उपदेश करू नकोस, लिंबू आणि सिरिंज घेऊन जा. आणि अण्णांना त्याच्या बापाकडे पाठव. कापसाचा भाव यंदा काय आहे ते अण्णांना ठाऊक असेलच.

वही मी कुरिअरने परत पाठवतेय. त्या बापाला ती एकोणीस पानं दाखवायची की नाही, ते अण्णांनी ठरवावं.

तुमची,
ताई