२०१२चा करार सांभाळून ठेवल्याबद्दल आभार, आणि राहिलेल्या कागदांविषयी

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

नौपाड्यातल्या फ्लॅटचा २०१२चा करार तुम्ही शोधून पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. एवढ्या जुन्या खरेदीचा कागद बहुतेकांकडे सापडतच नाही. बँकेची स्टेटमेंटं आणि व्याजाचे दाखलेही मिळाले. आता रिटर्न अडलंय ते तीन कागदांवर.

पहिला कागद खरेदीच्या वेळच्या मुद्रांक शुल्काचा आणि नोंदणी फीचा पुरावा. कराराची सुरुवातीची पानंच आली आहेत, पावती त्यांत नाही. घर ४० लाखांना घेतलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये ९५ लाखांना विकलं. जुलै २०२४च्या बदलानंतर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, पण जुन्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर कमी येत असेल तर तेवढाच भरायचा. तुमच्या बाबतीत तोच कमी येतो. निर्देशांक २०० वरून ३६३ झालाय, त्यामुळे शुल्काचे २ लाख आणि फीचे ३० हजार खर्चात धरले की ते ४,१७,४५० रुपये होतात आणि कर ८३,४९० रुपयांनी उतरतो, सेस वेगळाच. एका पावतीचे एवढे पैसे! पावती हरवली असेल तर त्या दस्ताची सूची क्र. २, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते आणि तिच्यात दोन्ही रकमा शेवटाकडे छापलेल्या असतात.

दुसरा कागद विक्रीच्या दस्ताची सूची क्र. २. तिच्यात मोबदल्याखालीच बाजारभाव दिलेला असतो. तो १,०४,५०,००० रुपयांच्या वर, म्हणजे मोबदल्याच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल, तर विक्रीची किंमत म्हणून बाजारभावच धरावा लागेल आणि वरचं सगळं गणित बदलेल.

तिसरा, खरेदीदाराकडून फॉर्म १६बी, म्हणजे त्यांनी कापलेल्या कराचा दाखला. त्यांनी एक टक्का म्हणजे ९५,००० रुपये कर कापून तुम्हाला पैसे दिले, पण तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, म्हणजे २६एएसमध्ये, ती रक्कम दिसत नाही. एक तर त्यांनी कापलेला कर भरण्याचा फॉर्म २६क्यूबी भरलाच नसेल किंवा तुमचा पॅन चुकला असेल. १६बी हातात आला की आधी त्यावरचा पॅन ताडून पाहा. दुरुस्ती त्यांनाच करावी लागते आणि तिला वेळ जातो, म्हणून त्यांना आजच फोन करा. २६एएसमध्ये नोंद नसताना आपण ती रक्कम वजा दाखवली, तर पुढे आयकर खात्याची मागणीची सूचना तुमच्याच नावावर येते.

दलालीची पावती असेल तर तीही द्या, मात्र पैसे बँकेतून गेलेले असावेत. रंगकामाची बिलं नकोत, ती घराच्या खर्चात धरता येत नाहीत. नवं घर घेणार नाही असं तुम्ही कळवलंत, त्यामुळे नव्या घरावर मिळणाऱ्या सवलतीचा, म्हणजे कलम ५४चा विषय मिटला.

मुदत १५ सप्टेंबर २०२५ आहे. दोन्ही सूची या आठवड्यात मिळाल्या तर गणित पूर्ण करून ठेवतो आणि १६बीची वाट पाहतो.

आपला,
तुमचा अकाउंटंट, ठाणे