सोफ्याआधी दार मोजा

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सोफा आणि गादी ऑनलाइन मागवताय, हे आईकडून कळलं. बुकिंग करण्याआधी माझी फजिती ऐका.

गेल्या वर्षी सोफा मागवताना मी फक्त हॉलची भिंत मोजली होती. भिंतीला तो अगदी बेताचा बसला असता, पण दारातून आतच येईना. आणणारे दोघे अर्धा तास झटले आणि शेवटी परत घेऊन गेले. नेण्या-आणण्याचा खर्च आमच्याच माथी बसला.

दुसऱ्या वेळी आधी दार मोजलं. चौकट 32 इंचांची, पण दार उघडलं तरी त्याची जाडी थोडी जागा खाते, म्हणून मोकळी जागा भरली 30. उंची 80. आवडलेला सोफा 76 इंच लांब, 38 खोल आणि 34 उंच होता. सरळ नेला तर 38 अडतात, पाठीवर आडवा केला तर 34. पण त्या 34 मध्ये 5 इंच पायांचे होते आणि पाय फिरवून निघणारे होते. ते काढले की उरले 29. (हे विक्रेत्याला विचारूनच घ्या, काही सोफ्यांचे पाय पक्के असतात.)

उरलं बोळातून दारात शिरायचं वळण. सोफा उभा केला तर जमिनीवर फक्त 38 बाय 29 एवढीच जागा घेतो. तेवढा पुठ्ठा कापला आणि बोळातून दारातून आत सरकवत नेला. बायको हसत होती, पण पुठ्ठा दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच राखून आत गेला. उभ्या सोफ्याचे 76 इंच दाराच्या 80 मध्ये बसतात. तो उभा करताना मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 85 इंच लागतात, म्हणून बोळाचं छतही मोजलं. ते 96 होतं. मगच ऑर्डर दिली आणि सोफा पाच मिनिटांत आत आला.

बऱ्याच गाद्या गुंडाळून खोक्यात येतात, त्यांना दाराचा त्रास नाही. तिथे ट्रायलच्या अटी नीट वाचा. वहिनी, पहिल्याच रात्री पाठ दुखली म्हणून लगेच परत करता येतेच असं नाही. पुष्कळ ठिकाणी आधी किमान 30 रात्री झोपावं लागतं, शरीरालाही सवय व्हायला वेळ लागतोच. डाग पडला तर परतीचा हक्क जातो, म्हणून पहिल्या दिवसापासून वर कव्हर घाला. एकदा फुगलेली गादी पुन्हा खोक्यात बसत नाही, तेव्हा ती न्यायला कोण येणार, हे आधीच लिहून घ्या.

आणि सोफ्यावर ट्रायल असला तरी ‘दारातून गेला नाही’ हे कारण त्यात धरतात का, ते विचारा. आमच्या वेळी धरलं नव्हतं.

दादा, दाराची मोकळी रुंदी, उंची आणि जिन्याच्या वळणाची मापं रविवारच्या फोनआधी पाठव. पुठ्ठा मी इथे कापून बघतो.

तुमचा,
धाकटा