हरवलेला कन्सोल अकाउंटवरून काढून द्या, जानेवारीपर्यंत थांबायला सांगू नका

प्रति,
कस्टमर सपोर्ट विभाग

विषय: हरवलेला कन्सोल प्रायमरी म्हणून अडकलाय, रिमोट डिॲक्टिव्हेशनची लिमिट माझ्यासाठी रिसेट करून मिळण्याबाबत

नमस्कार,

मी सोलापूरचा, तुमचं अकाउंट गेली सहा वर्षं वापरतोय आणि एकूण 34 गेम डिजिटल घेतलेत, डिस्क एकही नाही. त्यामुळे माझं जे काही आहे ते सगळं या अकाउंटवरच आहे.

झालं असं की जुलैत मी माझा जुना कन्सोल नवी पेठेतल्या एका दुकानात विकला. घाईत विकला, गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि अकाउंटचा प्रायमरी म्हणजे मुख्य कन्सोल म्हणून असलेली त्याची नोंद काढायची राहून गेली. घरी आल्यावर लक्षात आलं म्हणून 6 जुलैला तुमच्या वेबसाइटवर लॉगिन करून डिव्हाइस मॅनेजमेंटमधून सगळी डिव्हाइस एकदम डिॲक्टिव्हेट केली. तिथं एकेक कन्सोल निवडून काढायची सोयच नाही, काढायचं तर सगळेच. मग दुसरा कन्सोल घेतला, तो प्रायमरी केला, सगळं नीट चाललं होतं.

28 ऑक्टोबरला पुण्याहून एसटीनं येताना तो कन्सोल असलेली बॅग गेली. टेंभुर्णीला चहाला उतरलो तेव्हा वर रॅकवर होती, मोहोळला बघतो तर नाही. पोलिसांत तक्रार दिली, पोच जोडलीय. रात्री घरी पोचल्या पोचल्या मोबाईलवरून पासवर्ड बदलला, सगळीकडून साइन आउट केलं, टू-स्टेप लावलं, कार्ड काढून टाकलं. म्हणजे माझ्या पैशानं कुणी काही घेईल ही भीती गेली. पण पासवर्ड बदलल्यानं प्रायमरी जात नाही, आणि तुमच्या चॅटवरच्या साहेबांना हेच मी तीनदा सांगितलं. प्रायमरी कन्सोलवर कुणीही नवीन युजर बनवला तरी माझे उतरवलेले गेम त्याला चालतात, आणि ते नेट नसतानाही.

आता वेबसाइटवरून परत काढायला गेलो तर पाटी येते की हे 6 महिन्यांत एकदाच करता येतं. म्हणजे 6 जानेवारीपर्यंत हात बांधलेले. चॅटवर विचारलं तर पहिलं उत्तर आलं की "कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन डिॲक्टिव्हेट करा". अहो, कन्सोल माझ्याकडे असता तर वेबसाइटवर कशाला गेलो असतो! ती सोय तर ज्याच्या हातात मशीन राहिलं नाही त्याच्यासाठीच आहे ना, विकलेलं असो, चोरीला गेलेलं असो. दुसरं उत्तर आलं, थांबा.

थांबल्यानं काय होतं ते सांगतो. नोव्हेंबरात पैसे जमवून तिसरा कन्सोल घेतला, पण अकाउंटला प्रायमरी एकच आणि ती जागा हरवलेल्यानं अडवलीय, त्यामुळे नवीन कन्सोल प्रत्येक गेम उघडताना नेटवर लायसन्स तपासतो. आमच्याकडे लाईट गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही नि कन्सोल चालतो पण राउटर वेगळ्या लाइनवर आहे तो बंद पडतो, आणि लगेच गेमच्या चित्रावर छोटं कुलूप येतं. माझेच गेम, माझ्याच घरात, नि कुलूप. धाकटा भाऊ त्याच्या आयडीवरून खेळायचा त्याचं तर पूर्णच बंद झालं, कारण प्रायमरी नसलेल्या कन्सोलवर माझे गेम फक्त माझ्याच लॉगिनला उघडतात. परीक्षा झाल्यावर खेळायचं म्हणून पोरगं वाट बघत होतं, त्याला काय सांगू?

लिमिट का ठेवलीय ते मला समजतं, लोकं अकाउंट भाड्यानं देतात, प्रायमरी फिरवत बसतात. पण माझं एक काढणं विकलेल्या मशीनसाठी झालं नि दुसरं चोरीसाठी लागतंय, दोन्हीचे कागद माझ्याकडे आहेत: दुकानाची पावती, पोलिसांची पोच, आणि हरवलेल्या कन्सोलच्या खोक्यावरचा सिरीयल नंबर, फोटोसकट. चोराचं मशीन बंद पाडा असं मी म्हणत नाही, अकाउंटवरून काढल्यानं ते बंद पडत नाही हे मला माहितीय, आणि ते नेटवर येईपर्यंत त्याला माझं लायसन्स गेल्याचं कळणारही नाही. मला फक्त माझ्या अकाउंटवरची ती जागा मोकळी करून पाहिजे.

तुमच्या सपोर्टच्या माणसाला ही लिमिट आतून रिसेट करता येते, म्हणून चॅटवर परत पहिल्यापासून विचारायला न लावता हा अर्ज ज्याच्याकडे तो अधिकार आहे त्याच्याकडे पाठवा. 7 दिवसांत रिसेट करा नाहीतर नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्या, मी ग्राहक आयोगाकडे जाईन. आणि वेबसाइटवर एकेक कन्सोल वेगळा काढायची सोय द्या, म्हणजे एक विकला म्हणून सगळ्यांचं एकदम उपटायला लागणार नाही.

अकाउंटचा ईमेल आणि सिरीयल नंबर सोबतच्या फॉर्ममध्ये भरलाय. फोन केला तर संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा मी कारखान्यात असतो, तिथं मोबाईल आत नेऊ देत नाहीत.

तुमचा ग्राहक,
सोलापूर