तीन दांग आणि एक तृतीयांश

लंडन

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दोन पानांच्या मृत्युपत्राच्या भाषांतराला आठवडा कसा लागतो, असे आपण मागच्या पत्रात विचारले होते. आपली हयात दुय्यम निबंधकांच्या कचेरीत दस्त तपासण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे मृत्युपत्र एका इराणी गृहस्थांनी स्वहस्ते लिहिलेले आहे. मुलगी इथे असते, दोन मुलगे इराणात, आणि इंग्रजी प्रत इथल्या नोटरीपुढे ठेवायची आहे. मुलीने आधी एकाकडून भाषांतर करून घेतले होते आणि त्यावरून तिचा असा समज झाला होता की वडिलांनी आपल्याला सदनिकेचा एक तृतीयांश भाग दिला आहे. मूळ वाक्य तीन ओळींचे आहे. त्याचा शब्दशः अर्थ असा: ‘माझ्या सदनिकेच्या सहा दांगांपैकी तीन दांग सोल्सच्या महल्लातून माझ्या मुलीला द्यावेत.’

इराणात कोणतीही स्थावर मिळकत सहा दांगांची मानतात. तेव्हा तीन दांग म्हणजे निम्मा अविभक्त हिस्सा, एक तृतीयांश नव्हे. एक तृतीयांश आहे तो ‘सोल्स’ या शब्दात, आणि तो सदनिकेचा नाही. इराणच्या दिवाणी संहितेच्या कलम ८४३ प्रमाणे माणसाला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतीच व्यवस्था लावता येते. त्यापुढचे देणे वारसांनी मान्यता दिली तरच टिकते. आपल्याकडे मुस्लिम व्यक्तींच्या वसीयतीला हाच दंडक असल्याने आपणांस हे नवे नाही. ‘महल्ल’ म्हणजे इथे जागा नव्हे. ज्यातून खर्च भागवायचा तो निधी. आधीच्या भाषांतरकाराने त्याची ‘जागा’ केली, सोल्सचा तृतीयांश तिला जोडला आणि दांग गाळून टाकले. मी ‘दांग’ शब्द तसाच ठेवून तळटीपेत त्याचे प्रमाण दिले आणि सोल्ससाठी ‘मृत्युपत्राने देता येण्याजोगा तिसरा हिस्सा’ या अर्थाची इंग्रजी शब्दयोजना केली.

हा फरक आकड्यांत किती पडतो, ते मुलीला एका कल्पित हिशेबाने दाखवले. सदनिका ८० ची, बाकी मालमत्ता ४० ची आणि कर्ज ३० चे धरले, तर कर्ज वजा जाता ९० उरतात आणि त्यांचा तिसरा हिस्सा ३० होतो. तीन दांगांची किंमत मात्र ४०, म्हणजे वरच्या १० साठी भावांची संमती हवी. शिवाय हा तिसरा हिस्सा मृत्यूच्या वेळच्या मालमत्तेवर काढतात, मृत्युपत्र लिहिले त्या दिवसाच्या नव्हे. अर्थात हा हिशेब भाषांतरात कुठेही घातलेला नाही; तो वकिलाचा प्रांत.

सर्वांत अधिक वेळ ‘द्यावेत’ या क्रियापदाने खाल्ला. फारसीत ते ‘बेदहंद’ असे आहे: अनेकवचनी, आणि कर्ता नाही. मराठीत ‘द्यावेत’ म्हटले की कोणी द्यावेत हे सांगावे लागत नाही, तसेच. मुलीची इच्छा अशी की, ‘मी माझ्या मुलीला देतो’ असे सरळ इंग्रजी करावे, म्हणजे नोटरीला समजायला सोपे. पण इराणी कायद्यात वसीयतीचे दोन प्रकार आहेत. ‘तम्लीकी’ वसीयतीत मालकीच देऊन टाकलेली असते. ‘अहदी’ वसीयतीत एखादे काम करण्याची जबाबदारी कोणावर तरी सोपवलेली असते. हे वाक्य कोणत्या प्रकारात बसते, हा उद्या वादाचा मुद्दा होऊ शकतो, आणि ‘देतो’ लिहून मी तो आताच निकालात काढला असता. म्हणून ‘देण्यात यावेत, असे मी सांगतो’ अशाच घडणीचे वाक्य ठेवले. ती थोडी नाराज झाली. पण मोघम मजकूर मोघमच उतरवावा, हे मी आपल्याच टेबलाशी बसून शिकले.

तारखेचीही एक गंमत झाली. अखेरीस ‘१५/७/९८’ एवढेच लिहिले आहे. इथला कोणीही ती १५ जुलै १९९८ अशी वाचेल. वास्तविक ती इराणी पंचांगातल्या मेहेर या सातव्या महिन्याची १५ तारीख आहे, आणि साल १३९८ धरले तर ७ ऑक्टोबर २०१९ येते. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्रावर दिवस, महिना व वर्ष लेखकाच्याच अक्षरात असावे लागतात, म्हणून सालाचे पहिले दोन आकडे मी पदरचे घातले नाहीत. मजकुरात आहे तशीच तारीख ठेवून रूपांतर तळटीपेत दिले. एका ओळीवर खाडाखोड आहे, तीही चौकोनी कंसात नोंदवली.

नोटरीपुढे मी एवढेच प्रतिज्ञापूर्वक सांगितले की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर माझ्या समजुतीप्रमाणे पूर्ण व अचूक आहे. त्याने माझी ओळख पटवून सही प्रमाणित केली; भाषांतर बरोबर असल्याची हमी त्याच्या शिक्क्यात नसते, हे मुलीला दोनदा समजावावे लागले.

आता भावांची लेखी संमती तिकडून यायची आहे. अशा संमतीला फारसीत ‘इजाज़े’च म्हणतात, म्हणजे आपली इजाजत. तो कागद आला की पुन्हा बसायचे आहे.

आईस सा. न.

आपली कन्या