निधनवार्तेत कागदोपत्री नावही छापावे

मा. संपादक,
स.न.

आपल्या दैनिकातील निधनवार्तांबद्दल एक विनंती करायची आहे. तिचे कारण आमच्या शेजारच्या घरात घडले.

शेजारचे नाना गेल्या वर्षी वारले. एका दैनिकात निधनवार्ता आली, तीत फक्त ‘नाना’ आणि आडनाव. गावाला ते नाव पुरेसे होते. पुढे नानांचा वाढदिवस आला आणि त्यांच्या फेसबुकवर ‘दीर्घायुष्य लाभो’ अशा शुभेच्छांची रांग लागली. वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या जुन्या सहकाऱ्यांना ते गेल्याचे माहीतच नव्हते. नानांच्या पत्नीने त्या शुभेच्छा एकेक करून वाचल्या. त्यांच्या लेकीने मला बोलावले आणि आम्ही दोघे या कामाला बसलो.

फेसबुकवर मृत व्यक्तीचे खाते स्मरणखाते करता येते. नावाच्या वर ‘Remembering’ असा शब्द येतो, वाढदिवसाची आठवण कोणालाही जात नाही, जुने फोटो आणि लेख मात्र जागेवर राहतात. त्यासाठीच्या अर्जात मृत्यूची तारीख आणि पुरावा देता येतो. पुरावा म्हणून मृत्यूच्या दाखल्याप्रमाणे वर्तमानपत्रातील निधनवार्ताही चालते. पण खात्यावरचे नाव आणि कागदावरचे नाव जुळायला हवे. नानांच्या खात्यावर शाळेच्या दाखल्यातले पूर्ण नाव होते, तर बातमीत ‘नाना’. ते कात्रण निरुपयोगी ठरले आणि नगरपालिकेचा दाखला जोडावा लागला. दाखल्यावर मराठीबरोबर इंग्रजीतही नाव असते, ते कामी आले.

अर्ज धाडण्याआधी एक गोष्ट मात्र पाहावी. खाते एकदा स्मरणखाते झाले की पासवर्ड माहीत असला तरी कोणालाही आत जाता येत नाही. मृत व्यक्ती एखाद्या पानाची एकटीच अ‍ॅडमिन असेल, तर ते पानही फेसबुक काढून टाकते. नाना भजनी मंडळाचे पान चालवत. आजारपणात त्यांनी तबलजींना दुसरे अ‍ॅडमिन करून ठेवले होते, म्हणून मंडळाच्या कार्यक्रमांची सारी चित्रफीत वाचली. नाहीतर सद्भावनेने केलेल्या अर्जाने ती गेली असती. हयातीतच आपल्यामागे खाते सांभाळायला एखादा माणूस ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणून नेमला असेल तर तो फोटो बदलू शकतो, निधनाची सूचना सर्वांत वर लावू शकतो. खासगी संदेश मात्र त्यालाही वाचता येत नाहीत. ही मर्यादा मला योग्य वाटते.

जीमेलचे वेगळे. गूगलकडे मृत व्यक्तीचे खाते बंद करण्याचा अर्ज आहे. तिथेही दाखला लागतो आणि पासवर्ड ते कोणालाही देत नाहीत. खाते उघडे ठेवले तर दोन वर्षे न वापरल्यावर गूगल ते पुसू शकते, त्यातल्या फोटोंसकट. हयातीत ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ लावून ठेवला, तर ठरवलेला काळ (कमीत कमी तीन महिने) खाते वापरात नसल्यास आपण निवडलेल्या माणसांना गूगल स्वतः कळवते आणि आपण ठरवलेला मजकूर त्यांना उतरवून घेता येतो. नानांनी हे केले नव्हते. घराघरांत ते आजच करून ठेवायला हवे.

आणि मोबाइल नंबर सगळ्यात शेवटी बंद करावा. दहाव्याच्या सुमारास नानांचा मुलगा बिल वाचवायला सिम परत करायला निघाला होता, लेकीने अडवले ते बरे झाले. बंद झालेला नंबर काही काळाने नव्या ग्राहकाला दिला जातो, आणि ज्या खात्यांना तो जोडलेला असेल त्यांचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. शिवाय फोन चालू असला की उशिरा कळलेल्या मंडळींचे फोन येतात, त्यांच्याशी दोन शब्द बोलता येते. कळवायचे मात्र स्वतःच्या नंबरावरून. गेलेल्या माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून त्याच्याच निधनाचा संदेश आला की समोरच्याच्या काळजाचा ठोका चुकतो. कित्येकांना खाते कोणी चोरले असेच वाटते. बँकेच्या अ‍ॅपला तर हातही लावू नये. तिथे दाखला आणि वारसाची नोंद घेऊन शाखेतच जावे.

आता विनंती. निधनवार्ता घेताना आपल्या कार्यालयाने घरच्यांना आधार कार्डावरचे पूर्ण नाव आणि निधनाची तारीख विचारावी, आणि बोलावण्याच्या नावाबरोबर ती छापावी. जाहिरातीच्या अर्जात दोन रकाने वाढवले तरी पुरे.

आपला,
एक वाचक, सांगली