भरतीच्या वेळी चिखल पाहायला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘विषयांच्या भिंती पाडा’ हा आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. लेख नववी-दहावीबद्दल आणि छायाचित्र मात्र बालवाडीतल्या मुलांचे, हातात रंगीत कागदाचे मासे धरलेले. ते सोडून देऊ. लेखकाच्या मते एका ‘थीम’भोवती सगळे विषय गुंफले की मुलांना ज्ञान तुकड्यांत मिळत नाही आणि अडचण आहे ती ‘शिक्षकांच्या मानसिकतेची’. मी बी.एस्सी. भौतिकशास्त्र, बी.एड. गणित-विज्ञान. ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत माध्यमिकला शिकवतो. आमच्याकडे अशी थीम झाली आहे, त्यामुळे मानसिकतेबद्दल चार शब्द लिहायचा अधिकार मला असावा.

थीम होती ‘खाडी’. विषय उत्तमच. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, रोहित पक्षी आपल्या दाराशी येतात. पण प्रत्यक्षात थीम म्हणजे वाळत घालायची दोरी झाली आणि ज्याने त्याने आपापले कपडे तिच्यावर टाकले. मराठीत ‘मी खाडी बोलतेय’. गणितात ‘एका खाडीत १,२०० रोहित होते, त्यांपैकी ३० टक्के उडून गेले’. हे गणित रोहितांऐवजी आंब्यांवरही झाले असते. इतिहासात १८५३ ची आगगाडी. ती बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली आणि थांबली. खाडी तिने ओलांडलीच नव्हती. पण तक्त्यावर गाडीचे चित्र छान दिसते.

मग सहल. नियोजन समितीने शनिवार निवडला, कारण शनिवारी सकाळची शाळा असते आणि बस मिळते. ओहोटीला उघडी पडणारी चिखलपट्टी, तिच्यात चरणारे पक्षी, कांदळवनाची वर आलेली श्वसनमुळे, असे सगळे मुलांना दाखवायचे होते. ऐरोलीच्या बाजूला आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो तर समोर काठोकाठ पाणी. चिखल पाण्याखाली. पक्षीही नाहीत, कारण भरतीला ते खाडी सोडून नेरूळकडच्या पाणथळींवर जाऊन बसतात. वह्या उघडून पोरे उभी.

चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा, जो वर्गात सहसा तोंड उघडत नाही, म्हणाला, “सर, आज चौदस. आत्ता पाणीच असणार. आमच्या आजोबांना तरी विचारायचं.” आजोबांचा हिशेब त्याने तिथेच सांगितला. कोकण किनाऱ्यावर तो जुनाच आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्दशी म्हणजे चौदाची पाऊणपट, साडेदहा. खाडीत आत पाणी पोहोचायला थोडा उशीर, म्हणजे अकरा. पुढच्या शनिवारी षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती पहाटे आणि संध्याकाळी साडेचार-पाचला आणि दोन्हींच्या मध्ये, अकराच्या आसपास, ओहोटी. सहल फक्त आठवडाभर पुढे ढकलायची होती!

संपादक महाराज, लेखकाला जे हवे आहे ते इथे घडले, तक्त्यांमध्ये नाही. बसमध्ये परत येताना मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. पाऊणपटच का? चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. तीस तिथींत हा उशीर फिरून पूर्ण चोवीस तासांचा होतो. चोवीस तास भागिले तीस म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. आजोबांनी तोंडी हिशेबासाठी ती पंचेचाळीस धरली. एकीने हे वहीत स्वतः मांडले. आठवीच्या गणितात शिकलेले चलन तिला पहिल्यांदाच कशाला तरी उपयोगी पडले असेल. मग पुढचा प्रश्न आला: चंद्र तर एकाच बाजूला असतो, मग दिवसात भरती दोनदा का?

खरी अडचण इथून सुरू होते.

आमच्या भूगोलाच्या बाई अनुभवी आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी सातवीच्या भूगोलाच्या वळणाने उत्तर दिले: चंद्राकडच्या बाजूला गुरुत्वाकर्षणाने पाणी फुगते आणि विरुद्ध बाजूला केंद्रोत्सारी बलाने. मुलांनी ते प्रकल्पवहीत लिहिले. वही माझ्याकडे आली आणि मी त्याच परिच्छेदाशेजारी प्रश्नचिन्ह केले. त्याच पानावर बाईंची बरोबरची खूण आणि माझे प्रश्नचिन्ह. पालकसभेत एका आईने वही माझ्यापुढे धरली आणि विचारले, “यातलं खरं कुठलं?”

स्वतःभोवती फिरणाऱ्या पृथ्वीचे केंद्रोत्सारी बल हे कारण असेल तर पाणी विषुववृत्तावर सगळीकडे सारखेच फुगायला हवे. चंद्राच्या बरोबर विरुद्ध बाजूलाच ते का फुगावे, आणि रोज पन्नास मिनिटे उशिरा का फुगावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. उत्तर आहे आकर्षणातल्या फरकात. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर आणि चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर, म्हणजे साठ त्रिज्यांवर. चंद्राकडचे पाणी त्याच्यापासून ५९ त्रिज्यांवर, पृथ्वीचे केंद्र ६० वर, पलीकडचे पाणी ६१ वर. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, एवढे गृहीत धरून मुलांना वर्ग करायला सांगितले: ३,४८१, ३,६०० आणि ३,७२१. भागाकार केल्यावर दिसते की अलीकडच्या पाण्यावर केंद्रापेक्षा सुमारे ३.४ टक्के जास्त ओढ आहे आणि पलीकडच्या पाण्यावर सुमारे ३.३ टक्के कमी. अलीकडचे पाणी पृथ्वीच्या पुढे ओढले जाते. पलीकडचे पृथ्वीपेक्षा कमी ओढले जात असल्याने मागे राहते. म्हणून फुगवटे दोन, आणि जवळपास सारखे. आकडे पाहून मुले गप्प झाली. माझ्या तासाला ती अशी क्वचितच गप्प होतात.

बाईंच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पृथ्वी आणि चंद्र दोघे एका सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. त्या फिरण्याचे केंद्रोत्सारी बल धरले तर ते पृथ्वीवर सगळीकडे सारखे येते, त्यातून चंद्राची ओढ वजा केली की हेच दोन फुगवटे मिळतात. म्हणजे बाईंचा शब्द सुधारून घेता आला असता. पण त्यासाठी त्या आणि मी वर्गात जाण्याआधी एकत्र बसायला हवे होते. केव्हा बसणार? त्यांचा ऑफ तास तिसरा, माझा सहावा. कोणी रजेवर असेल तर तोही बदली तासात जातो. अखेर आम्ही बोललो ते शिक्षक खोलीत, उभ्याउभ्या, घंटा होईपर्यंत. पुस्तकातले सोडून दुसरे सांगितले आणि परीक्षेत मुलाने तेच लिहिले तर गुण कोण देणार, असे त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. दहावीच्या बोर्डाला भूगोलाची चाळीस गुणांची उत्तरपत्रिका भूगोलाचे शिक्षक तपासतात आणि विज्ञानाची विज्ञानाचे. थीमसाठी उत्तरसूची कोणी काढत नाही.

आणखी एक गोष्ट. गुरुत्वाकर्षण हा दहावीच्या विज्ञानाचा पहिला धडा आणि आमची थीम नववीला. भरती-ओहोटी सातवीच्या भूगोलात. व्यस्त प्रमाणाचा नियम मी नववीच्या मुलांना फक्त ‘गृहीत धरा’ म्हणून सांगितला, सिद्ध करून दाखवला नाही. वेळ काढला तो धाराविद्युतच्या तासांतून. त्या धड्याची दोन उदाहरणे अजून राहिली आहेत, आणि घटक चाचणीत विचारली जाणार ती तीच.

जलसुरक्षा विषयाचेही हेच झाले. कल्पनेत तो पुरता आंतरविद्याशाखीय: भूजल, पाणलोट, शेती, पाण्याचा ताळेबंद. शाळेत मात्र ज्याचा कार्यभार कमी भरतो त्याच्या गळ्यात तो पडतो. एक वर्ष आमच्याकडे तो हिंदीच्या सरांकडे होता. पाझर आणि बाष्पीभवन त्यांनी पाठ करून शिकवले, बिचाऱ्यांनी मनापासून शिकवले. शेवटी श्रेणी द्यायची, ती सगळ्यांना ‘अ’. संचमान्यतेत पदे मोजताना दोन शिक्षकांनी मिळून एक तास घ्यावा याला जागाच नाही. दोघे एका वर्गात उभे राहिले तर कागदावर एकाचा तास वाया गेला.

लेखक म्हणतात, शिक्षकांना प्रशिक्षण द्या. प्रशिक्षण झाले, जेवणही चांगले होते. एका साहेबांनी ‘पाणी’ हा शब्द मध्ये लिहून त्याभोवती आठ गोल काढले आणि प्रत्येक गोलात एक विषय भरायला सांगितला. संगीताचा गोल आम्ही शेवटपर्यंत भरू शकलो नाही, मग कोणीतरी ‘पावसाची गाणी’ लिहिले. विषय निवडताना दोन विषयांची उत्तरे कुठे भांडतात ते शोधा, असे कोणीच सांगितले नाही. थीम तिथेच लावायची असते. बाकी ठिकाणी गणिताला गणित राहू द्यावे, त्याने कोणाचे नुकसान होत नाही. वर्षभर प्रत्येक महिन्याला एक थीम, हा हट्ट तर पहिला सोडावा. वर्षाला दोन घ्या, पण त्या दोन महिन्यांत संबंधित शिक्षकांचा एक ऑफ तास वेळापत्रकात एकत्र ठेवा. मुख्याध्यापकांना हे जमण्यासारखे आहे. आमच्या मुख्याध्यापकांना मी सुचवले, त्यांनी ‘बघू’ म्हटले.

जाता जाता आपल्यालाही एक विनंती. आपल्या अंकात पूर्वी पंचांगाच्या चौकटीत भरती-ओहोटीच्या वेळा येत असत. त्या कधी बंद झाल्या ते कळलेच नाही. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा आला की पहिल्या पानावर मोठी बातमी होते, पण रोजची वेळ मात्र कुठेच नसते. तिथी आपण अजून छापता. तिच्याशेजारी चार आकडे बसतील. शाळेचे जाऊ द्या, खाडीत होडी घालणारे अजून आहेत.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक
कळवा, ठाणे