कॅलेंडरच्या मागे लिहिलेले तीन पहिले महिने

सांगली,
रविवार दुपार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर म्हणालीस, "आई, मुलगा चांगला आहे गं, पण तसं काही होत नाही." मी "बरं" म्हणून विषय बदलला. एक तर कुकर लावला होता, आणि मला जे सांगायचं होतं ते फोनवर धड सांगता आलं नसतं. तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, पण फळ्यावर लिहिणं वेगळं आणि पोटच्या पोरीला सांगणं वेगळं. म्हणून हे पत्र.

दिवाळीत आपण गच्चीवर बसलो होतो ते आठव. किराणा दुकानातून फुकट मिळालेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, त्याच्या कोऱ्या बाजूवर तू तुझ्या तिन्ही नात्यांचा फक्त पहिला महिना लिहून काढलास. शेवट कसा झाला ते लिहायचं नाही, असं मी बजावलं होतं. शेवटाबद्दल तू माझ्याशी तासन्‌तास बोलली आहेस आणि त्यातून हाती काही लागलं नाही, कारण शेवटी जो तो आपापल्या परीने वाईट वागतो. सुरुवात मात्र बघण्यासारखी असते. कुठल्या दिवशी काय झालं, कोण काय बोललं, एवढंच लिही म्हटलं. तो कागद मी कपाटात साड्यांखाली ठेवलाय. काल पुन्हा काढून वाचला.

कोथरूडचा, ट्रेकवाला आणि ऑफिसातला, तिघं तीन तऱ्हेचे. पण कागदावर तिघांचा पहिला महिना जवळजवळ एकच आहे. आधी दहा-बारा दिवस नुसता पूर: रात्री दोनपर्यंत बोलणं, लहानपणीच्या गोष्टी, "तुझ्याशी बोलतो तसं कुणाशीच बोललो नाही." मग अचानक तीन-चार दिवस चिडीचूप. मग काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा हजर, आणि त्या दिवशी तुझा आनंद गगनात मावेना. भेटायचं ते नेहमी त्याच दिवशी दुपारी ठरलेलं. आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिघांनीही एक-एक वाक्य टाकलेलं. कोथरूडचा म्हणाला, "मी नात्याबित्यात फारसा चांगला नाही." ट्रेकवाल्याला "सध्या कशात अडकायचं नव्हतं." ऑफिसातल्याच्या डोक्यातून आधीची अजून गेली नव्हती. त्या तिसऱ्या वाक्याशेजारी तू काय लिहिलंयस? "किती प्रामाणिक!" मनू, माणूस दाराला कुलूप आहे म्हणून सांगतोय आणि तू त्याच्या सांगण्याच्या पद्धतीवर खूश.

पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या तीन महिन्यांत तू कुणाकडेच काही मागितलेलं नाहीस. "चालेल," "काही हरकत नाही," "तू बिझी असशील," हे मी मोजलं, अकरा वेळा आहे. तेव्हा तुला समजूतदार वाटत असेल स्वतःला. त्याचा परिणाम मात्र असा झाला की मागितल्यावर हा माणूस काय करतो, हे तुला पहिल्या महिन्यात कळलंच नाही. ते कळलं दीड वर्षाने, जीव अडकल्यावर.

आता त्या "तसं काही"बद्दल. तुला जे होतं, पोटात गोळा, फोन उलटा ठेवून पुन्हा सुलटा करणं, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा बघत बसणं, ते खरं असतं. ते नाटक आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते कशामुळे होतं, त्याचा हिशेब थोडा वेगळा आहे. स्किनर आणि फर्स्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरचे बरेच प्रयोग प्रसिद्ध केले. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर थोड्या वेळात नाद सोडतं. पण कधी पाचव्या चोचीला, कधी पन्नासाव्या, असा बेभरवशाचा दाणा असेल, तर तो पूर्ण बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ टोचत राहतं. वर्गात मी हे लॉटरीच्या उदाहरणाने सांगायचे. घरातलं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर होतं ते दिसलं नाही.

दुसरा एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातला. काही विद्यार्थिनींना मुलांची प्रोफाइलं दाखवली. काहींना सांगितलं, या मुलांना तू खूप आवडलीस. काहींना सांगितलं, ठीकठाक वाटलीस. आणि काहींना सांगितलं की दोन्हींपैकी काहीही असू शकतं, नक्की माहीत नाही. सर्वांत जास्त ओढ त्या तिसऱ्या गटातल्या मुलींना वाटली, आणि त्या मुलांचा विचारही त्यांच्याच डोक्यात जास्त घोळत राहिला. लहानसा प्रयोग आहे, त्यावर आयुष्य बेतू नये. पण तुझा कागद वाचताना मला तो आठवला. माणूस जास्त चांगला म्हणून ओढ जास्त, असं दर वेळी नसतं. कधीकधी उत्तर मिळालेलं नसतं म्हणूनही ती असते.

आणि हे तू कुठे शिकलीस ते मला लिहायचंय, जड जात असलं तरी. तू लहान असताना तुझे बाबा कालव्याच्या कामावर असायचे, पंधरा दिवसांनी यायचे. कधी येताना पेढे, तुला खांद्यावर घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत. कधी आले ते तोंड मिटून, जेवले, झोपले, सोमवारी पहाटेच्या गाडीने गेले. यातलं कुठलं रूप येणार हे शनिवारी कळायचं नाही. बाबा वाईट नव्हते, त्यांना स्वतःलाच आपल्या मनाची खबर नसायची. पण शनिवारी दुपारपासून मी खिडकीत असायचे आणि तू माझ्या शेजारी स्टुलावर. वाट बघणं म्हणजेच प्रेम, हे तुला त्यांनी शिकवलं नाही, मी शिकवलं.

सगळं त्या खिडकीवर ढकलू नकोस मात्र. बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांच्या आई-बापांशी जुळणाऱ्या जिव्हाळ्यावर पायाभूत काम केलं, आणि १९८७ साली हेझन आणि शेव्हर यांनी तोच विचार मोठ्यांच्या प्रेमाला लावून पाहिला. पण लहानपणची सवय आणि मोठेपणची निवड यांचा संबंध असला तरी तो पत्रिकेसारखा पक्का नसतो. मोबाइलवर चाचण्या देऊन "मी अमुक प्रकारची" असं कपाळावर लिहून घेऊ नकोस. तुझा दादाही त्याच घरात वाढला, आणि त्याला वाट बघण्याचा भयंकर कंटाळा आहे.

आता हा नवा मुलगा. तू सांगितलंस त्यातलं मी एवढं धरलं: फोन करतो म्हणाला की करतो, रविवारचं गुरुवारी ठरवतो, स्वतःबद्दल फार बोलत नाही. हे शेवटचं ऐकून तू म्हणालीस, "हा पण बंदच आहे बहुतेक." इथे घाई करू नकोस. संथ माणूस आणि हाती न लागणारा माणूस लांबून सारखे दिसतात. संथ माणूस कमी देतो, पण आज दिलं तेवढं उद्याही देतो, आणि हळूहळू वाढवतो. तुझे ते तिघं पहिल्याच आठवड्यात सगळं ओतायचे आणि मग हात आखडता घ्यायचे. किती बोलला ते मोजू नकोस, पहिल्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत रेघ कुठे जाते ते बघ.

आणि या वेळी माग. मोठं काही नको, "आपलं काय आहे?" हा प्रश्न तर दुसऱ्या भेटीत अजिबात नको. अगदी बारीक गोष्ट. समज, त्याला सांगितलंस, "ठरलेला बेत आयत्या वेळी बदलला की माझी धांदल होते, बदलायचा असेल तर आदल्या दिवशी सांगत जा." मग गप्प बस. पुढे "नाही जमलं तरी चालेल हं" असं जोडू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे. तो कदाचित लगेच हो म्हणेल. हो म्हणणं स्वस्त असतं, ऑफिसातलाही लगेच हो म्हणाला होता. बघायचं ते पुढच्या दोन-तीन वेळा. एकदा तो विसरेल, विसरायलाच हवा, माणूस आहे. विसरल्यावर आपणहून "अरे, तुला सांगायचं राहिलं" म्हणतो, की तुलाच "किती मनाला लावून घेतेस" म्हणतो, यात मला सगळ्यात जास्त रस आहे. दुसरं ऐकू आलं आणि पुन्हा एकदा ऐकू आलं, तर तिथे चहा संपवून उठायचं. भांडायचं नाही, त्याला सुधारायचं नाही, त्याचं बालपण समजून घ्यायचं नाही. पाच आठवड्यांत उठलीस तर चार दिवस वाईट वाटेल. दीड वर्षाचं तू भोगलंच आहेस.

एक गोष्ट तुला आवडणार नाही. कुणी खरंच जवळ यायला लागला की तूही मागे सरकतेस. त्या बँकेतल्या मुलाचं आठवतंय? चौथ्या भेटीत त्याने तुला आजीबद्दल विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि त्या रात्री तू मला फोन करून म्हणालीस, "तो सँडलमध्ये मोजे घालतो." मी पोट धरून हसले होते, म्हणून तेव्हा लक्षात आलं नाही. हाती न लागणाऱ्याच्या मागे धावण्यात एक सोय असते, तो आपल्याला कधी नीट बघत नाही. आपण बघितले जायला लागलो की मोजे दिसायला लागतात. या मुलाच्या बाबतीत असे मोजे दिसले तर त्याच्या आदल्या तासाभरात काय घडलं होतं ते आठवून बघ.

याचा अर्थ त्याला हो म्हण असा नाही. चांगला आहे म्हणून लग्न करायचं, ते आमच्या वेळी झालं, पुरे झालं. सहा आठवड्यांनीही त्याच्याशी बोलायचा कंटाळाच येत असेल तर तो कंटाळाच आहे, त्याला शांतता म्हणून सजवू नकोस. फक्त तो कंटाळा आहे की निव्वळ धाकधूक नसणं आहे, हे ठरवायला तुला दोन भेटी पुरणार नाहीत. तुझ्या शरीराला त्याची सवयच नाही.

येत्या रविवारी भेटणार आहात म्हणालीस. तो वेळेवर आला का हे मला कळवू नकोस. तू काय मागितलंस तेवढं कळव.

शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दादाबरोबर पाठवतेय. मागचे दोन डबे तुझ्याकडेच आहेत.

तुझी,
आई